प्लेटला भोक पाडायला किती टन लागतात? १८ एमएमच्या भोकाचा पूर्ण हिशोब

१० एमएमची एमएस म्हणजे माइल्ड स्टीलची प्लेट, एम१६ बोल्टसाठी १८ एमएमचं भोक आणि हाताशी एक हायड्रॉलिक पंच मशीन. मशीन हे भोक काढेल की मध्येच अडकून बसेल? हर्णेपासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदराच्या मागच्या गल्लीत फॅब्रिकेशन करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, आणि उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे दिलं जातं, "अरे काढेल रे, ३० टनाचं आहे ते". कधी काढतं, कधी पंच त्याच प्लेटमध्ये रुतून राहतो आणि मग हातोडा, पाना, ग्राइंडर घेऊन अर्धा दिवस त्याला सोडवण्यात जातो. हिशोब खरं तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतो, फक्त त्यात एक एरिया बरोबर धरायचा असतो आणि एक आकडा बरोबर निवडायचा असतो, आणि गडबड नेमकी या दोनच ठिकाणी होते.

आपण एकच काम धरून चालू. जेटीजवळ मासे उतरवायची शेड, ट्रस आणि पर्लिन जोडायच्या १० एमएमच्या क्लीट, प्रत्येकीला चार भोकं, अशा साठ क्लीट म्हणजे २४० भोकं. किनाऱ्यावर अशी कामं वेल्डिंगऐवजी बोल्टनं का करतात हे इथल्या माणसाला सांगायला नको, गॅल्व्हनाइज केलेल्या मालावर साइटवर वेल्डिंग मारलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागेवरून तांबडे ओघळ सुरू होतात. म्हणून सगळी भोकं आधी दुकानात पाडायची, मग माल गॅल्व्हनाइजिंगला पाठवायचा आणि साइटवर फक्त बोल्ट आवळायचे. २४० भोकं ड्रिलनं मारायची तर बिट, कूलंट आणि वेळ सगळंच जातं, त्यामुळे पंच.

कापला जाणारा भाग नक्की कुठला

भोक म्हटलं की डोळ्यासमोर गोल येतो आणि हात आपोआप गोलाच्या क्षेत्रफळाकडे जातो, म्हणजे १८ एमएमच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २५४ चौरस एमएम, त्याला स्टीलच्या ताकदीनं गुणलं की झालं. हे चुकीचं आहे. पंच खाली जातो तेव्हा प्लेटचा वरचा गोल पृष्ठभाग कापला जात नाही, तो तर चकती होऊन आख्खाच्या आख्खा खाली पडतो. फाटते ती चकतीची कड, जिथे चकती आणि उरलेली प्लेट एकमेकांपासून सुटतात ती उभी गोल भिंत.

पंच मशीनखाली पडलेली एक चकती उचला आणि तिची कड बघा. वरच्या बाजूला एक खरखरीत, करडा, दाणेदार पट्टा दिसेल आणि त्याखाली गुळगुळीत चमकणारा पट्टा. (भोकाच्या आत हाच क्रम उलटा असतो, चमक वर आणि खरखरीत भाग खाली.) हे दोन्ही पट्टे मिळून जी गोल कड होते ना, तोच आपला शिअर एरिया. ती कड उलगडून सरळ केली तर एक आयत मिळतो, लांबी भोकाच्या परिघाइतकी आणि उंची प्लेटच्या जाडीइतकी.

शिअर एरिया = परीघ × जाडी

ताकद = परीघ × जाडी × मालाची शिअर स्ट्रेंथ

आपल्या भोकाचा परीघ ३.१४१६ × १८ म्हणजे ५६.५ एमएम. गुणिले जाडी १० एमएम, एरिया झाला ५६५ चौरस एमएम. गोलाचं क्षेत्रफळ धरलं असतं तर २५४ आले असते, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि त्या हिशोबानं एखाद्यानं १२-१५ टनाचं मशीन आणलं असतं तर ते या प्लेटवर नुसतं दात उमटवून थांबलं असतं.

आता गंमत अशी की हा चुकीचा हिशोब कधीकधी बरोबर उत्तर देतो आणि म्हणूनच तो लोकांच्या डोक्यातून जात नाही. भोकाचा व्यास जाडीच्या चौपट असेल तर दोन्ही एरिया तंतोतंत सारखे येतात, १० एमएम प्लेटमध्ये ४० एमएमचं भोक घेऊन करून बघा, दोन्हीकडे १२५७ येईल. पातळ पत्र्यात मोठी भोकं पाडणाऱ्याला तर चुकीच्या सूत्रानं उलट जास्तच टन येतात, त्याला कधी त्रासच होत नाही. मार बसतो तो जाड प्लेटमध्ये लहान भोक पाडणाऱ्याला.

जाडी मोजताना गंज मोजू नका

सूत्रात जाडी सरळ गुणाकारात आहे, जाडी दहा टक्क्यांनी चुकली की टनही दहा टक्क्यांनी चुकले. आणि आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा उघड्यावर पडलेली प्लेट व्हर्नियरमध्ये धरली तर ती १०.५ पण दाखवते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि पापुद्रे फुगून बसतात. आत धातू साडेनऊच असू शकतो. चिपिंग हॅमरनं पापुद्रे उडवा, वायर ब्रश मारा, मग प्लेटच्या दोनतीन कडांना मोजा. हिशोबात जाडी जास्त धरली गेली तर तसं नुकसान नाही, मशीनला सोपंच जाईल, पण क्लीट पातळ झालीय हे कळायला पाहिजे ना, ती उद्या छप्पर धरणार आहे. शिवाय सुट्या गंजाचा चुरा पंचाच्या धारेला पॉलिश पेपरसारखा घासतो, धार लवकर जाते, आणि धार गेली की काय होतं ते पुढे येतंच आहे.

दोन प्लेट एकावर एक ठेवून एकदम पंच मारायचा मोह होतो, काम अर्ध्या वेळात होईल म्हणून. त्यात जाडी २० झाली, एरिया दुप्पट, टन दुप्पट, आणि खालच्या डायचा, म्हणजे पंच ज्या भोकाच्या ठोकळ्यात उतरतो त्याचा, गॅप १० एमएमसाठी असल्यामुळे वरच्या प्लेटचं भोकही वेडंवाकडं येतं. हे करू नका.

स्ट्रेंथचा कुठला आकडा घ्यायचा

इथे मला जरा थांबून बोलायचंय कारण बहुतेक लोक एरिया बरोबर काढूनसुद्धा इथे घसरतात.

आपल्याकडची नेहमीची स्ट्रक्चरल प्लेट म्हणजे आयएस २०६२ मधली ई२५० ग्रेड. यातला २५० म्हणजे यील्ड, म्हणजे ज्या ताणाला माल कायमचा ताणायला लागतो तो आकडा. भोक पाडायचं म्हणजे माल ताणायचा नाहीये, तोडायचाय, त्यामुळे २५० इथे कामाचा नाही. तोडण्यासाठी अल्टिमेट टेन्साइल स्ट्रेंथ बघायची, ई२५० साठी ती किमान ४१० न्यूटन प्रति चौरस एमएम. मग शिअर स्ट्रेंथ साधारण त्याच्या ०.८ पट धरतात, पंचिंगमध्ये माइल्ड स्टीलला हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर बसतो. ४१० चे ०.८ म्हणजे ३२८.

आता "किमान" हा शब्द बघा. शेड डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला किमान आकडा हवा असतो, कारण त्याला खात्री हवी की प्लेट यापेक्षा कमजोर निघणार नाही. पंच मारणाऱ्याला नेमकं उलटं हवं, प्लेट जास्तीत जास्त किती कडक निघू शकते ते. मिलमधून आलेली प्लेट ४१० ची असायचं बंधन आहे पण ती ४५० ची असू शकते, ४८० ची असू शकते, डिझाइनर खूश होतो आणि आपलं मशीन कण्हायला लागतं. म्हणून प्लेटबरोबर टेस्ट सर्टिफिकेट आलं असेल तर त्यातला यूटीएसचा खरा आकडा घ्या. समजा आपल्या लॉटच्या सर्टिफिकेटवर ४८० आहे, तर शिअर स्ट्रेंथ ०.८ × ४८० = ३८४. सर्टिफिकेट नसेल तर मी सरळ ५०० यूटीएस धरतो, म्हणजे शिअर ४००, आणि पुढे जातो.

मग आपली ताकद झाली ५६५ × ३८४ = साधारण २,१७,००० न्यूटन, म्हणजे २१७ किलोन्यूटन. टनात करायला ९.८१ नं भागा, २२.१ टन. ३२८ धरून केलं असतं तर १८.९ टन आले असते. तीन टनांचा फरक नुसत्या एका आकड्यामुळे.

रोज हिशोब करायचा कंटाळा येत असेल तर भिंतीवर खडूनं लिहून ठेवायला एक सोपा ठोकताळा आहे, व्यास एमएममध्ये × जाडी एमएममध्ये × ०.१२ = टन. १८ × १० × ०.१२ = २१.६, आपल्या उत्तराच्या जवळच. हा फक्त माइल्ड स्टील आणि गोल भोकासाठी, स्टेनलेसला लावू नका.

मशीनच्या अंगावर लिहिलेले टन आणि खरे टन

आपल्या पोर्टेबल पंचात हँडपंप किंवा इलेक्ट्रिक पंप असतो, ७०० बारपर्यंत प्रेशर देतो, आणि सी आकाराच्या बॉडीत एक सिलिंडर असतो. अंगावर "३० टन" लिहिलंय म्हणून ३० धरू नका, पिस्टनचा व्यास विचारा किंवा मोजा. समजा ७० एमएम निघाला. पिस्टनचा एरिया ३८४८ चौरस एमएम, आणि इथे मात्र गोलाचंच क्षेत्रफळ बरोबर आहे कारण तेल गोल तोंडावर दाब देतंय. ७०० बार म्हणजे ७० न्यूटन प्रति चौरस एमएम. ३८४८ × ७० = २,६९,००० न्यूटन, म्हणजे साडेसत्तावीस टनाच्या आसपास. ३० नाही.

आपल्याला लागतात २२.१. म्हणजे मशीनच्या ८० टक्के. हे मला चालतं पण याहून पुढे मी जात नाही, कारण हा २२.१ टनाचा हिशोब धारदार पंचाचा आहे. धार बोथट झाली की पंच कापण्याऐवजी दाबायला लागतो आणि ताकद सहज पाव हिश्श्यानं वाढते. २२.१ चे सव्वापट म्हणजे २७.६. मशीन थांबलं! सकाळी पहिली पन्नास भोकं धडाधड निघाली आणि दुपारनंतर मशीन "दमायला" लागलं असं लोक सांगतात तेव्हा मशीन दमलेलं नसतं, पंच बोथट झालेला असतो आणि मार्जिन आधीच संपलेलं असतं.

अजून एक ताकद लोक विसरतात, परत बाहेर यायची. पंच आरपार गेला की प्लेट त्याला घट्ट धरून ठेवते आणि त्याला ओढून काढायला पंचिंगच्या ताकदीच्या १० ते २० टक्के लागतात, आपल्या बाबतीत दोन ते साडेचार टन. सिलिंडर स्प्रिंगनं परत येणारा असेल आणि स्प्रिंग जुनी असेल तर पंच तिथेच अडकतो. स्ट्रिपर, म्हणजे पंच वर जाताना प्लेटला खाली धरून ठेवणारा भाग, तो प्लेटला दोन्ही बाजूंनी सारखा टेकला पाहिजे. एकाच बाजूला टेकला तर प्लेट तिरकी उचलली जाते आणि पंच वाकून तुटतो. पंच तुटण्याच्या कितीतरी केस खाली जाताना नाही, वर येताना होतात.

पंच स्वतः किती सोसतो

मशीनकडे टन आहेत म्हणून वाट्टेल तेवढं लहान भोक पडेल असं नाही. सगळी ताकद पंचाच्या तोंडातून जाते, त्याच्यावर येणारा ताण म्हणजे ताकद भागिले पंचाच्या तोंडाचं क्षेत्रफळ. आपल्या १८ एमएम पंचावर २,१७,००० भागिले २५४, साधारण ८५३ न्यूटन प्रति चौरस एमएम. चांगल्या कडक केलेल्या टूल स्टीलला हे काहीच नाही.

आता तीच प्लेट, भोक १० एमएमचं. टन कमी लागतात, १२.३, मशीन आरामात देतं. पण पंचाचा ताण १५३६ वर गेला. ८ एमएमचं भोक घेतलं तर १९२० वर. टन कमी होत जातात आणि पंचावरचा ताण वाढत जातो, कारण ताकद व्यासाच्या प्रमाणात घटते पण पंचाचं तोंड व्यासाच्या वर्गात घटतं. १९२० पर्यंत टूल स्टीलचा पंच सरळ दाबात तग धरेलही कदाचित, पण प्रत्यक्षात दाब कधीच तंतोतंत सरळ नसतो, प्लेट थोडी तिरकी असते, डाय थोडी बाजूला असते, आणि मग लहान पंच मोडतो. म्हणून जुना नियम आहे की माइल्ड स्टीलमध्ये भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीपेक्षा कमी नको. त्याहून लहान पाहिजे तर ड्रिल करा, तिथे वाद नको.

डायचा गॅप

१८ च्या पंचाखाली १८ ची डाय लावायची नसते. वरून पंचाच्या धारेपासून एक भेग सुरू होते, खालून डायच्या धारेपासून दुसरी, आणि या दोन भेगा मध्ये कुठेतरी एकमेकींना भेटल्या की चकती सुटते. त्या नीट भेटायला डाय थोडी मोठी लागते. माइल्ड स्टीलला एकूण गॅप जाडीच्या दहा टक्के धरा, म्हणजे १० एमएम प्लेटला १ एमएम, डाय १९ ची. भोकाचं माप वरून पंचाचं येतं, १८, आणि खाली ते थोडं रुंदावतं. एम१६ साठी १८ चं भोक घेतलंय त्यात आधीच २ एमएमची जागा आहे, आयएस ८०० मध्ये एम१६ च्या साध्या भोकाला तेवढीच देतात, त्यामुळे खालचं रुंदावणं बोल्टला जाणवत नाही.

गॅप कमी झाला तर भेगा एकमेकींना चुकतात, मधला माल दुसऱ्यांदा कापावा लागतो, ताकद वाढते आणि भोकाच्या आत एकाऐवजी दोन चमकदार पट्टे दिसतात. गॅप जास्त झाला तर वरची कड गोलसर आत ओढली जाते आणि खाली बोटाला लागेल इतकी मोठी बर, म्हणजे धारदार कोर, राहते. पहिलं भोक पाडलं की टॉर्च मारून आत बघा आणि खालच्या कडेवर बोट हळूच फिरवा (ग्लोव्हज घालून), बाकी मोजायची गरज पडत नाही. आत वरच्या बाजूला साधारण तिसरा हिस्सा चमकदार, खाली एकसारखा करडा खरखरीत, आणि बर नखाला जाणवेल इतपत, हे झालं चांगलं भोक.

प्रत्यक्ष पंच मारताना, आणि गेजकडून काय शिकायचं

प्लेटवर सेंटर पंचची खूण करा, पंचाच्या टोकाला जी छोटी टिकली असते ती त्या खुणेत बसवा. प्लेट सपाट टेकलीय ना बघा. कडेपासून अंतर विसरू नका, आयएस ८०० प्रमाणे भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत कमीत कमी व्यासाच्या दीडपट, आणि कड गॅसनं हाताने कापलेली किंवा शिअर केलेली असेल तर १.७ पट. १८ ला १.७ म्हणजे ३०.६, म्हणून ३२ ठेवा. यापेक्षा जवळ गेलात तर कड बाहेर फुगते, बोल्टची पकड तर सोडाच.

पंचाला थोडं तेल लावा. गॉगल घाला. पंप मारायला लागा आणि गेजकडे बघत राहा. प्रेशर चढत जाईल, पंच प्लेटमध्ये साधारण जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत रुतेल आणि मग "फट्ट" असा आवाज येऊन प्रेशर एकदम पडेल. पूर्ण १० एमएम कापावे लागत नाहीत, पहिला तिसरा हिस्सा कापला की उरलेला भाग भेगेनं फुटतो, म्हणूनच चकतीवर तो खरखरीत पट्टा. फुटण्याच्या क्षणी सगळा साठलेला दाब एका झटक्यात सुटतो, बॉडीला हिसका बसतो आणि चकती उडू शकते, डायच्या तोंडाखाली पाय ठेवून उभं राहू नका. आणि होसला कुठे तेल झिरपताना दिसलं तर बोटानं चाचपू नका, ७०० बारची बारीक धार कातडीत घुसते आणि तो सरळ ऑपरेशनचा विषय होतो.

फुटायच्या आधीचा गेजचा सर्वात मोठा आकडा लिहून ठेवा. आपल्या हिशोबानं २,१७,००० भागिले ३८४८ म्हणजे ५६.४, म्हणजे ५६४ बारच्या आसपास यायला पाहिजे. आला ५६० तर उलटा हिशोब करा, ५६ × ३८४८ = २,१५,५०० न्यूटन, भागिले ५६५, शिअर स्ट्रेंथ ३८१. म्हणजे सर्टिफिकेट खरं बोलतंय. सीलच्या घर्षणामुळे गेज खऱ्यापेक्षा किंचित जास्तच दाखवतं, ते चालतं.

हाच आकडा पुढे दिवसभर उपयोगी पडतो. त्याच प्लेटवर, त्याच पंचानं ५६० वरून प्रेशर हळूहळू ५८०, ६१०, ६४० असं चढत गेलं तर माल बदललेला नाही, धार गेलीय. मी ६५० ला पंच काढून ग्राइंड करायला देतो, ७०० ची वाट बघत नाही. याउलट एकदम एका प्लेटवर उडी मारून ६५० आला आणि पुढच्या प्लेटवर परत ५६० तर ती एक प्लेट वेगळ्या लॉटची आहे, बाजूला काढून ठेवा आणि विचारा.

भंगारातली प्लेट असेल तर हीच युक्ती आधी वापरायची. जुन्या बोटीचा, क्रेनचा माल कुठल्या ग्रेडचा असतो कोणालाच ठाऊक नसतं. कोपऱ्यावर, जिथे कापून टाकायचंय तिथे १२ एमएमचं एक ट्रायल भोक मारा. १० एमएम जाडीला एरिया ३७७ येतो, साधं माइल्ड स्टील असेल तर गेज ३२० ते ३९० मध्ये फुटेल. ४५० गाठूनही फुटत नसेल तर शिअर स्ट्रेंथ ४६० च्या वर गेली, ती हाय टेन्साइल प्लेट आहे, १८ चं भोक तिच्यात ६७५ बारच्या पुढे जाईल. तिथे थांबा.

स्लॉट पाहिजे असेल तर

शेडमध्ये एका टोकाच्या क्लीटला अ‍ॅडजस्ट करायला लांबट भोक लागतंच. १८ रुंद आणि ४० लांब स्लॉट धरू. परीघ म्हणजे दोन अर्धगोल मिळून एक पूर्ण गोल ५६.५, अधिक दोन सरळ बाजू प्रत्येकी २२, एकूण १००.५ एमएम. एरिया १००५, ताकद ३८६ किलोन्यूटन, ३९ टन. आपल्या मशीनच्या बाहेर. मग काय करतात, दोन्ही टोकांना १८ ची दोन भोकं मारतात आणि मधला भाग गॅसनं किंवा ग्राइंडरनं काढतात, हे ठीक आहे. मध्ये तिसरं भोक पंचानं मारायला जाऊ नका. टोकाच्या भोकांच्या मध्यांमध्ये २२ चं अंतर आहे, म्हणजे मध्ये फक्त ४ एमएमची पट्टी उरते, तिच्यावर पंच बसवला की दोन्ही बाजूंना हवा, दाब एकसारखा येत नाही, कापायचा एरिया कमी असून पंच बाजूला ढकलला जातो आणि मोडतो.

पंचाचं तोंड सपाट न ठेवता छपरासारखं उतरतं घासलं तर एका वेळी पूर्ण परीघ कापला जात नाही, थोडा थोडा कापला जातो. उतार जाडीइतका दिला तर लागणारे टन तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होतात. काम तेवढंच होतं, फक्त पंचाला लांब स्ट्रोक जावं लागतं, त्यामुळे मशीनचा स्ट्रोक पुरतोय ना ते आधी बघा. मोठ्या स्लॉटला हे वापरतात, लहान भोकाला तिरक्या तोंडानं पंच बाजूला सरकायची भीती जास्त.

कुठे पंच नको

समुद्राच्या तोंडावर कोणीतरी म्हणतंच, "दादा, सगळं स्टेनलेसचंच करू ना." ३०४ ची १० एमएम प्लेट, यूटीएस ६०० धरा, शिअर ४८०, तेच भोक, २७.७ टन. आपलं मशीन साडेसत्तावीसला संपतं. त्यात स्टेनलेस दाबला की अजून कडक होत जातो, अर्ध्यात थांबून परत पंप मारलात तर आधीपेक्षा वाईट. स्टेनलेसला ड्रिल करा, हळू आरपीएम, भरपूर कूलंट, किंवा मोठ्या मशीनवर नेऊन पाडा.

पंच केलेल्या भोकाची आतली कड दाबली गेल्यामुळे कडक झालेली असते आणि त्या खरखरीत भागात बारीक भेगा राहतात. छपराच्या क्लीटला याचा त्रास नाही. पण सतत हादरे बसणारी जागा, ट्रॉलरच्या विंचचा बेस, इंजिनचं फाउंडेशन, तिथे ती भेग हळूहळू वाढते. आयएस ८०० मध्येही अशा कमीजास्त होणाऱ्या लोडला १२ एमएमच्या वरच्या प्लेटमध्ये पंच केलेली भोकं टाळायला सांगितलंय, आणि साध्या लोडलासुद्धा जाडीची मर्यादा ५६०० भागिले यील्ड अशी आहे, म्हणजे ई२५० ला २२ एमएमच्या आसपास. विंचच्या बेसला मी तर १० एमएममध्येही २ एमएम लहान पंच मारून रीमरनं माप गाठतो, कडक झालेला थर निघून जातो आणि भोक स्वच्छ येतं.

क्लीटची २४० भोकं झाली की बर ग्राइंडरनं हलकी काढा आणि मगच गॅल्व्हनाइजिंगला द्या, बरीच्या टोकाला जस्त गोळा होऊन थेंबासारखं बसतं आणि बोल्टचा वॉशर सपाट टेकत नाही. भोकाच्या आतही जस्ताचा थर चढतो, व्यास दशांश-दोन दशांश एमएमनं कमी होतो, १८ च्या भोकात एम१६ ला ते चालून जातं. पण कोणी बोल्टाला घट्ट बसावं म्हणून १६.५ चं भोक मागत असेल तर त्याला आधीच सांगा की गॅल्व्हनाइज झालेला बोल्ट गॅल्व्हनाइज झालेल्या भोकात हातोड्यानंच घालावा लागेल.